हात माझा, नाक हसीनाचं

कुमुदकाकूंचा डबा मी पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा तो माझा नव्हता. ऑफिसातल्या एकाला अचानक गावी जावं लागलं. त्याचा डबा खाली सिक्युरिटीच्या टेबलावर येऊन पडलेला होता. त्याने एसटीत बसल्या बसल्या फोन केला, "प्रणिता, तूच खा. वाया गेला तर काकू माझ्यावर डाफरतील."

येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, दोडक्याची भाजी, चपात्या, भात आणि कागदाच्या पुडीत शेंगाचटणी. मी परभणीची. पुण्यात आल्यापासून गूळ घातलेल्या आमटीशी मी मुकाट्याने तडजोड केली होती. पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते फक्त चटणीच्या तिखटाने नव्हतं. संध्याकाळी त्याच्याकडून नंबर घेऊन फोन लावला. पलीकडून आवाज आला, "कोण पोरगी? जेवलीस का?" ओळखपाळख नंतर झाली.

कुमुद वाघचौरे मूळच्या बार्शीच्या. भास्करकाकांशी लग्न होऊन त्या पिंपरी-चिंचवडला आल्या आणि पुढे वाकडला दोन खोल्यांच्या घरात स्थिरावल्या. भास्करकाका हिंजवडीच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचे. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल काकू कधी काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही कधी विचारलं नाही.

डब्याचा धंदा त्यांनी ठरवून सुरू केलाच नाही. एक दिवस बसमधली एक आसामची मुलगी चक्कर येऊन सीटवरच कलंडली. सकाळपासून तिच्या पोटात बिस्किटांशिवाय काही नव्हतं. भास्करकाकांनी बस बाजूला लावली, सीटखालचा आपला डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. डब्यात भाकरी आणि डाळ-मेथी होती. मुलगी आधी संकोचली, मग तिने सगळं चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना ती म्हणाली, "अंकल, आज क्या बना है?"

काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "उद्यापासून दोन डबे भर."

"दुसरा कुणाला?"

"पोरीला. उपाशी राहती ती."

"आणि तुमच्या बशीत अजून किती पोरी उपाशी हायेत, तेबी सांगून टाका एकदाच," काकू म्हणाल्या. थट्टेत बोललेलं ते खरं ठरलं. बसमध्ये उपाशी पोरंपोरी पुष्कळ निघाली. काकांच्या सीटखाली जागा पुरेना, तेव्हा इंजिनाशेजारी डब्यांची पिशवी ठेवायला सुरुवात झाली.

मग महामारी आली. ऑफिसं बंद झाली, बस उभी राहिली आणि काकांची नोकरी गेली. पण वाकडमधल्या फ्लॅटांत आणि पेइंग गेस्टच्या खोल्यांत पोरं अडकून पडली होती. गावी जाता येईना, खानावळी बंद. काकूंचे डबे उलट वाढले. भास्करकाका स्कूटरवरून गेटापर्यंत डबे नेऊन ठेवत. त्याच दिवसांत हसीना काकूंकडे चपात्या लाटायला आली.

हसीना शेख परांड्याची. नवरा रंगकाम करायचा. साथीत त्याचंही काम थांबलेलं. बाई अंगाने किडकिडीत, पण चपातीला हात लागला की लाटणं दिसायचं नाही, नुसती चपाती फिरताना दिसायची. आणि तोंड अखंड चालू. काकूंना ती काकी म्हणायची आणि दिवसातून एकदा तरी त्यांना रागवायची. "काकी, बसा की जरा! तुम्ही पडला तर मला कोण ठेवणार आहे?"

मी काकूंची गिऱ्हाईक झाले ती साथ सरून बराच काळ लोटल्यावर. तोपर्यंत स्वयंपाकाला शेजारची तिसरी खोली भाड्याने घेतली होती, मोठी शेगडी आली होती, भिंतीवर अन्न परवान्याची चौकट लावली होती. बाहेरून पाहिलं तर सगळं बरं चाललेलं दिसत होतं. पण एका शुक्रवारी संध्याकाळी महिन्याचे पैसे द्यायला गेले, तर काकू भाताच्या पातेल्याकडे पाहत बसलेल्या. पातेलं अर्धं भरलेलं.

"आज ऑफिसला फार कमी आली गं पोरं," त्या म्हणाल्या. "काल आली होती तर भात पुरला न्हाई. आज केला तर उरला."

दुखणं हे होतं. ऑफिसं पुन्हा उघडली होती, पण आठवड्यातून दोन-तीनच दिवस. आज कोण येणार, कोण घरून काम करणार, कोण सकाळीच फोन करून "काकू, आज नको" म्हणणार, काही अंदाज लागेना. शिवाय कोपऱ्यावर एका मोठ्या कंपनीचं ऑनलाइन स्वयंपाकघर आलं होतं. त्यांच्याकडे फोनवर बोट दाबलं की काम झालं. काकूंकडे रोज फोन करावा लागे, आणि फोन केला की आधी "जेवलीस का" याचं उत्तर द्यावं लागे.

उपाय साधा होता: महिन्याचं सबस्क्रिप्शन. गिऱ्हाइकाने महिना नक्की करायचा, ज्या दिवशी डबा नको असेल त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं, आणि तो दिवस पुढे वाढवून घ्यायचा. त्याला त्याचं जेवण मिळतं, काकूंना उद्याचा आकडा आज कळतो. पण हे लोकांना सांगायचं कसं? काकूंनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला होता. तो कुणीच पूर्ण वाचला नव्हता. मीही नाही.

"व्हिडिओ करू," मी म्हटलं.

माझं कामच ते. कंपनीत मी ट्रेनिंगचे व्हिडिओ लिहिते. आग लागली तर कुठल्या जिन्याने उतरायचं, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, असले. लोक ते जांभया देत बघतात. मला वाटलं, एकदा तरी भूक लागेल असं काहीतरी लिहावं.

कॅमेऱ्याला देबाशीष मिळाला. आम्ही त्याला देबू म्हणायचो. तो सिलिगुडीचा, माझ्याच मजल्यावर बसणारा, सुट्टीच्या दिवशी लग्नांचं शूटिंग करणारा आणि काकूंचा जुना गिऱ्हाईक. त्याची एकच तक्रार होती. "काकू, तुम्ही शेंगदाण्याचा कूट चहात तरी घालत नाही ना?"

"तू मासे खिरीत घालत न्हाईस का?" काकू विचारायच्या. अशी त्यांची मैत्री.

मी स्क्रिप्ट लिहिली. कागदाच्या डाव्या बाजूला काय दिसणार, उजव्या बाजूला काय ऐकू येणार. व्हिडिओ उभा, कारण लोक तो फोनवरच बघणार. दीड मिनिटाच्या आत, कारण त्यापुढे कुणी थांबत नाही. बोलणं मराठीत, खाली अक्षरं हिंदीत आणि इंग्रजीत, कारण निम्मी पोरं बाहेरची आणि बरेच जण ऑफिसात आवाज बंद ठेवून बघतात. सुरुवातीला वाफाळती आमटी, फुगलेली चपाती. मग काकू. मग योजना: एक दिवसाचा डबा चाखून बघा, आवडला तर महिना घ्या, दुपारचा किंवा दोन्ही वेळचा, नको त्या दिवसाची सुट्टी आदल्या संध्याकाळी टाका, स्टीलचा डबा, प्लास्टिक नाही. शेवटी फोन नंबर, स्कॅन करायचा चौकोन आणि परवान्याचा नंबर.

काकूंपुढे बसून ती वाचून दाखवली. पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. मी लिहिलं होतं, "घरापासून दूर, पण चव आईच्या हातची."

"हे काढ."

"का हो? सगळे हेच लिहितात."

"म्हणूनच. त्यांच्या आया जिवंत हायेत की. सिलिगुडीच्या बाईने ऐकलं तर काय म्हणेल? माझ्या लेकाला हिनं आपलं म्हटलं! आयांशी भांडण नको मला. मी डबा देते, आई देत न्हाई."

हसीना मागून खदखदून हसली. वाक्य गेलं. त्याऐवजी "घरासारखं साधं जेवण" आलं. दुसरीकडे एक वाक्य मला फार आवडलं होतं, तिथे काकू काहीच बोलल्या नाहीत. ते काकूंच्या तोंडी होतं: "घड्याळ लागत नाही मला. वासावरूनच कळतं भाजी झाली ते." हे ऐकून काकूंनी नुसती मान हलवली आणि चूल पुसायला उठल्या. मला वाटलं, पसंत पडलं.

शूटिंगला रविवार ठरला, कारण रविवारी डबे नसतात. काकूंनी हसीनालाही बोलावून घेतलं. देबू म्हणाला, "काकू, आज तर चपात्या थोड्याच लागतील, त्यांची सुट्टी कशाला घालवता?" काकू म्हणाल्या, "असू दे. ती असली की मला बरं वाटतं."

काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. भास्करकाका दाढी करून आले होते आणि कुणी विचारलं नसतानाही कॅमेऱ्यात दिसतील अशा जागी उभे राहत होते. "अहो, तुमची बस न्हाई ही, सरका की," काकू म्हणाल्या. देबूने पंखा बंद करायला लावला, कारण माइकमध्ये त्याची घरघर येत होती. धूर ओढणारा मोठा पंखाही बंद. खोली छोटी, कॅमेऱ्याच्या चौकटीत काकू, शेगडी आणि मागची भांडी एवढंच हवं होतं. हसीना चपातीच्या पाटापाशी बसली होती, तिची सावली भिंतीवर पडत होती.

"हसीनाताई, दोन मिनिटं बाहेर गॅलरीत जाल?" देबू म्हणाला.

हसीनाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी हसीनाकडे. मग काकू म्हणाल्या, "जा. दोन मिनिटंच तर."

शेगडीवर कढईत तेल, जिरं, ठेचलेला लसूण. वाफ आणि आवाज दोन्ही हवं म्हणून फोडणी चालू ठेवून काकूंनी बोलायचं ठरलं होतं. पहिल्यांदा त्या वाक्य विसरल्या. दुसऱ्यांदा भास्करकाका खोकले. तिसऱ्यांदा नीट सुरू झालं. काकू कॅमेऱ्याकडे पाहून म्हणत होत्या, "नमस्कार, मी कुमुद वाघचौरे…" आणि पुढचं सगळं सुरेख, अगदी घरी बोलतात तसं.

आधी मला वास आला, मग देबूला. लसूण लाल होऊन गेला होता आणि आता काळा पडत होता. मी देबूकडे पाहिलं. तो कॅमेऱ्यामागून काकूंकडे बघत होता. आम्हा दोघांनाही वाटलं की काकू आता मागे वळून आच कमी करतील. काकू वळल्या नाहीत. करपलेल्या लसणाचा धूर त्यांच्या खांद्यावरून वर येत होता, आणि त्या हसून म्हणत होत्या, "घड्याळ लागत न्हाई मला. वासावरनंच कळतं…"

"काकी! लसूण!"

हसीना गॅलरीतून धावत आत आली. कॅमेऱ्याच्या समोरून गेली, गॅस बंद केला, कढई पदराने धरून सिंकमध्ये ठेवली. चर्र आवाज झाला. काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मागे कढईकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"लई जळलं का?" त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाने सगळं कळलं. खोलीभर धूर होता आणि त्या विचारत होत्या.

भास्करकाका पुढे झाले. "दमलीये ती. जरा थांबू या."

"दमले न्हाई मी," काकू म्हणाल्या. त्या पाटावर बसल्या. "पोरी, मला वास येत न्हाई. साथीत ताप आला तेव्हा गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काहींचा आला. माझा न्हाई आला. मीठ, आंबट, तिखट जिभेला कळतं. बाकी सगळं कापूस खाल्ल्यावानी."

"मग भाजी?" देबूने विचारलं आणि विचारल्यावर ओशाळला.

"ती सांगती." काकूंनी हनुवटीने हसीनाकडे खूण केली. "हात माझा, नाक हसीनाचं. मसाला भाजायला घेतला की ती लाटणं ठेवून येती. कढईवर वाकती. म्हणती, काकी अजून, काकी अजून, काकी बस. मग मी काढते. दूध नासलंय का, डाळ विटलीये का, सिलेंडर गळतोय का, सगळं तीच सांगती. एवढ्या दिवसांत तुम्हाला कुणालाच कळलं न्हाई, ते तिच्या जिवावर."

हसीना कढई घासत होती, पाठ आमच्याकडे. "काही पण बोलता काकी. नाक काय, सगळ्यांनाच असतं."

"सगळ्यांना असतं, पण ते घेऊन पहाटे कोण येतं गं दुसऱ्याच्या घरी?" काकू म्हणाल्या. आणि मग आम्हाला सांगायला लागल्या. मागच्या वर्षी शेजारच्या कंपनीच्या कँटीनवाल्याने हसीनाच्या चपात्या पाहून तिला बोलावलं होतं. पगार जास्त, रविवारबरोबर शनिवारीही सुट्टी. हसीना गेली, बघून आली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी काकूंच्या दारात उभी. का नाही गेलीस विचारलं तर म्हणाली होती, "तिथे मशीनवर चपात्या करतात. मला मशीनशी बोलता येत नाही."

"खरं कारण मला माहीत हाय," काकू म्हणाल्या. "मी तेव्हा काही बोलले न्हाई. आभार मानले तर ही लाजून मरेल."

"मग आज कशाला मानता?" हसीना कढईवरून मान न उचलताच म्हणाली.

भास्करकाकांचं म्हणणं होतं की ते एक वाक्य काढून टाकावं आणि पुढे चालावं. "गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं? स्वयंपाकीणबाईला वास येत नाही म्हटल्यावर कोण खाईल?" त्यात तथ्य होतं. मीही मनात वाक्य खोडलं होतं. दुसरं घालता आलं असतं. हजार वाक्यं असतात.

काकूंनी मात्र डोकं हलवलं. "वाक्य तर काढायचंच. खोटं हाय ते. पण मला अजून एक पाहिजे. हसीना दिसली पाहिजे."

हसीना वळली. "मी? नको नको. माझं नाव घातलं तर…" तिने वाक्य अर्धंच सोडलं. थोडं थांबून म्हणाली, "काकी, तुम्हाला माहिताय. काही लोक डबा बंद करतील."

"ज्याला बंद करायचा त्यानं करावा. तो आजपर्यंत तुझ्याच हातच्या चपात्या खात होता. पोट दुखलं का त्याचं?"

"धंदा आहे काकी."

"धंदा माझा हाय. आणि मी सांगते ते ऐकायचं."

हसीनाने भास्करकाकांकडे पाहिलं. त्यांनी डोकं खाजवलं. "बसमध्ये तीस वर्षं काढली मी," ते म्हणाले. "सीटवर कोण बसलंय ते कधी नाव विचारून ठरवलं न्हाई. तू पुढे हो. मीच सरकतो चौकटीतनं."

मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून आम्ही स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. मी लिहीत होते, बाकीचे बोलत होते. देबू म्हणाला, "सुरुवातच इथून करू. पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबला नाही तर बोट पुढे सरकतं. काकू म्हणाल्या, मला वास येत नाही, की तो थांबणारच."

"आणि मग रडका बाजा वाजवशील," काकू म्हणाल्या. "दया नको मला. डबे पाहिजेत."

"बाजा नाही लावत. फक्त कढईचा आवाज."

तेवढ्यावर तडजोड झाली. नवी फोडणी टाकली. या वेळी हसीना चौकटीत होती. तिने हात धुतले, पदर खोचला, कढईवर वाकली. लसूण तडतडला. ती म्हणाली, "काकी, बस. बंद करा." काकूंनी आच बारीक केली आणि कॅमेऱ्याकडे वळल्या.

"मी कुमुद. तापात मला वास यायचा बंद झाला. तेव्हापासून आमच्या डब्याला हात माझा आणि नाक हसीनाचं. घरासारखं साधं जेवण आहे. एक दिवस खाऊन बघा. आवडलं तर महिना घ्या. ज्या दिवशी नको, आदल्या संध्याकाळी सांगा, तो दिवस तुमचाच राहील, पुढं मिळेल. आणि सांगितलं न्हाई तर अन्न वाया जातं, त्याचं मला वाईट वाटतं."

शेवटचं वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं. देबूने कॅमेरा बंद केला आणि म्हणाला, "हे ठेवायचं." योजनेचे बाकी तपशील आम्ही खालच्या अक्षरांत आणि शेवटच्या चित्रात घातले. एकदा खालच्या हिंदीत देबूने "नाक" ऐवजी "नाग" टाइप केलं. हसीनाने ते पकडलं आणि त्याला दिवसभर "नागवाला" म्हणत राहिली.

व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपांवर गेला, इन्स्टाग्रामवर गेला, ऑफिसातल्या पोरांनी एकमेकांना पाठवला. काही जणांनी डबे बंद केले हे खरं आहे. एकाने कारण लिहिलं, ते मी इथे लिहीत नाही. काकूंनी ते वाचून फोन पालथा घातला आणि हसीनाला दाखवला नाही. एकीने अगदी सरळ विचारलं, "डाळ खराब झाली तर कळणार कसं?" काकूंनी तिला घरी बोलावलं, हसीनाशेजारी उभं केलं. ती मुलगी आता दोन्ही वेळचा डबा घेते.

पण नवे लोक त्यापेक्षा कितीतरी जास्त आले. आणि मुख्य म्हणजे ते महिना धरून आले. काकूंच्या फोनवर संध्याकाळी "उद्या नको", "परवा सुट्टी" असे मेसेज यायला लागले, आणि काकू भात मोजून टाकू लागल्या. पातेलं उरायचं बंद झालं. भास्करकाकांनी स्कूटरला मागे मोठी पेटी बसवून घेतली. हसीनाचा पगार काकूंनी वाढवला, आणि परवान्याच्या नूतनीकरणाला दोघींची नावं टाकली. हसीनाने सही करताना म्हटलं, "काकी, आता मला काढता येणार नाही हं तुम्हाला."

"तुला काढून मी काय खाऊ? धूर?"

सगळ्यात वेगळा मेसेज एका माणसाचा होता. नाव किशोर तांडेल, मालवणकडचा, हिंजवडीत कुठल्यातरी बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करणारा. त्याने लिहिलं होतं, "काकू, माझाही वास त्याच तापात गेला. घरचे म्हणतात, विसर आता. मी जेवतो, पण कशासाठी जेवतो ते कळत नाही. तुम्ही कसं खाता?"

काकूंनी त्याला मेसेज पाठवला नाही. फोन केला. मी तिथेच होते. आधी अर्थातच "जेवलास का" झालं. मग त्या म्हणाल्या, "हे बघ बाळा, वास न्हाई तर न्हाई. जिभेला अजून बरंच काय कळतं. कुरकुरीत कळतं. गार-गरम कळतं. आंबट, तिखट, खारट कळतं. मऊ भाताबरोबर कडक पापड खा. आमटीत लिंबू पिळ. चटणी दाताखाली आली पाहिजे, वाटलेली नको. मी तशीच जेवते."

त्याचा डबा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. त्यात काकू त्याच्यासाठी जरा वेगळं घालायच्या: जाडसर कुटलेली चटणी, तळलेली मिरची, कच्चा कांदा, कधी कैरीचे काप. "मालवणच्या माणसाला मासे न्हाईत आपल्याकडं," त्या म्हणायच्या, "निदान दाताला काम तरी देऊ."

एका शनिवारी तो स्वतः घरी आला. उंच, लाजाळू, हातात नारळ. मी जेवत होते, काकूंनी त्यालाही माझ्या शेजारी पाटावर बसवून ताट वाढलं. हसीना शेगडीपाशी काळा मसाला भाजत होती. खोबरं, धने, दगडफूल, एकेक कढईत पडत होतं. तो जेवता जेवता थांबला आणि कढईकडे बघत राहिला.

"आता काय वास येतोय?" त्याने हसीनाला विचारलं.

हसीना चकित झाली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने वाकून वास घेतला, डोळे मिटले. "आता धने. म्हणजे पावसाआधी गवत वाळतं ना, तसा. थांबा… आता खोबरं लाल व्हायला लागलंय. गोड येतोय, पण खाली थोडा कडू आहे. आता दगडफूल टाकलं. याचा कसा सांगू? जुन्या विहिरीत वाकून बघितल्यावर येतो तसा."

किशोरने डोळे मिटले होते. काकूंनीही. त्या दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, लांबून कुणी हाक मारावी आणि ऐकू यावी तसा. हसीना सांगत राहिली, लवंग, मिरी, जिरं, एकामागून एक, न थांबता, आणि मी ताटातला घास हातात धरून ऐकत राहिले. काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "सांग गं बाई, सांग. देव तुझं भलं करो."